मुलाखतीचा अभिप्राय: काय पाहून लिहायचा?

प्रश्न: दहाला बोलावून तीनला आत घेतलं. निवड झाली नाही, हेही कळवलं नाही. संस्थेबद्दल अभिप्राय लिहायचा आहे, पण नुसता राग काढायचा नाही. काय काय लिहू?

उत्तर: आधी वेळा लिहा, आणि किती जणांना कोणती वेळ दिली होती तेही लिहा. वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेबनिसाच्या जागेसाठी गेलो होतो. आम्हा 9 जणांना दहाचीच वेळ दिली होती आणि एकेकाला अर्धा तास लागत होता. म्हणजे सगळं वेळेवर झालं असतं तरी नववा माणूस दोनच्या आधी आत जाऊच शकत नव्हता. याला उशीर म्हणत नाहीत. लोकांना बसवून ठेवायचं आधीच ठरलं होतं. माझ्या गावाची शेवटची एसटी साडेचारची. हे मी सकाळीच सांगितलं, तरी नंबर बदलून दिला नाही.

निवड न्याय्य झाली का, हे बाहेर बसल्या बसल्या बरंच कळतं. आत जाऊन आलेल्यांना काय विचारलं ते विचारून घ्या. आमची टॅलीची परीक्षा चोख होती. सगळ्यांना त्याच 12 नोंदी आणि तीच 20 मिनिटं. तोंडी मुलाखतीत मात्र मला सोयाबीन खरेदीचा हिशेब विचारला आणि माझ्यासोबतच्या ताईंना लग्न कधी करणार ते. मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच: आत तिघे बसले होते, पण एकाच्याही पुढ्यात कागद नव्हता. उमेदवार बाहेर पडताच प्रत्येकाने आपापले गुण लिहिले नाहीत, तर संध्याकाळी नऊ चेहरे कोणाला आठवणार? मग ओळखीचा तेवढा आठवतो. म्हणून कोणी काही लिहून घेत होतं का, हे अभिप्रायात जरूर टाका.

नकाराचं कारण मात्र तुम्ही स्वतः एकदा मागून पाहा, मगच त्याबद्दल लिहा. मी आधी "माझं काय चुकलं?" असा मेसेज केला, त्याला उत्तर आलं नाही. मग "परीक्षेतल्या कोणत्या नोंदी चुकल्या?" एवढंच विचारलं. त्याच संध्याकाळी फोन आला: हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची होती, मी ती कंपनीच्या खर्चात टाकली होती. चूक माझीच होती, आणि ती कळल्याचा मला उपयोग झाला. हेही मी अभिप्रायात लिहिलं, लग्नाच्या प्रश्नाच्या लगेच खाली.

तुमची संस्था सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून स्वतःचे गुण मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी कंपनीला तसा अर्ज करता येत नाही, तिथे असा नेमका प्रश्न विचारणं एवढंच हाती आहे.