ग्रूमिंगचं प्रमाणपत्र आहे, मग नोंदणी कशाची?

प्रश्न : मी नाशिकला दीड महिन्याचा डॉग ग्रूमिंगचा कोर्स केला आहे. आता पार्लर सुरू करायचं आहे. एक संस्था म्हणते, 'पशुसेवा नोंदणी' नसेल तर पोलीस केस होईल. पैसे भरून आमचा डिप्लोमा करा, नोंदणी मिळेल. गिऱ्हाइकं गोचिडाचं इंजेक्शन आणि लसही विचारतात. मी काय करू?

उत्तर : ताई, त्या संस्थेला आधी एकच विचारा : ही नोंदणी कोणत्या कायद्याखाली, आणि नंबर कोण देणार? कुत्र्याला आंघोळ घालणं, केस कापणं, नखं काढणं यासाठी महाराष्ट्रात वेगळी सरकारी नोंदणी नाही. संस्थेचा नंबर म्हणजे त्यांच्या वहीतला नंबर. लेखी उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

कायद्यातली खरी नोंदणी पशुवैद्यकांची. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 प्रमाणे पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा, आणि त्यासाठी पदवी लागते. सरकारमान्य पदविका घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकाला राज्य शासन काही किरकोळ सेवांची मुभा देऊ शकतं, पण त्यालाही पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच काम करावं लागतं. लसीकरण आणि जखमेची मलमपट्टी या किरकोळ सेवांतच मोडतात. म्हणजे पदविका खरी असली तरी स्वतःच्या पार्लरात एकटीने लस टोचायची मोकळीक मिळत नाही. तुमच्या कोर्सने तर मुळीच नाही.

तुमची अडचण सुईपाशी सुरू होते. समजा, जटा झालेला कुत्रा आला. मशीन फिरवताना खाली ओली, वास मारणारी जखम दिसली. तिथेच थांबा, फोटो काढा, मालकाला दाखवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. मलम लावून दिलंत आणि जखम चिघळली, तर ग्राहक आयोगात 'हा उपचार तुम्ही कोणत्या अधिकाराने केलात?' या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. चावऱ्या कुत्र्याला गुंगीचं औषध देण्याचंही तेच. गोचिडासाठी सर्रास टोचतात ते आयव्हरमेक्टिन कोलीसारख्या जातींच्या जिवावर बेतू शकतं. मालक कितीही गळ घालू देत, नाहीच म्हणा. लसीसाठी एखाद्या पशुवैद्यकाला ठरावीक दिवशी पार्लरात बोलवा. लस त्यांनी टोचायची, कार्डावर सही-शिक्का त्यांचाच.

कामाला एक-दोन मुलं ठेवलीत, तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यावी लागते. महापालिकेच्या परवाना विभागात जागेबद्दल विचारून घ्या. शाम्पू, पट्टे विकायला हरकत नाही. मात्र ओळखीतल्या कुणाची पिल्लं विक्रीसाठी पार्लरात ठेवलीत, की 2018 च्या पेट शॉप नियमांखाली राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते, मग पिल्लं दोनच का असेनात.

पाटीवर 'पेट ग्रूमिंग' एवढंच लिहा. 'क्लिनिक' किंवा 'पेट डॉक्टर' हे शब्द पाटीवर नकोत, आणि व्हिजिटिंग कार्डावरही नकोत.