८ प्रकारची कार्डं पूर्ण व्हायला सरासरी किती पाकिटं लागतात?

प्रश्न: मुलगा चिप्सच्या ५ रुपयांच्या पाकिटातली कार्डं जमवतोय. एकूण ८ प्रकार आहेत. सोलापुरात अशोक चौकातला आमचा दुकानदार म्हणतो, दुप्पट म्हणजे १६ पाकिटं घेतली की होतात सगळी. आमची ७ झालीत, आठवं काही येईना. सगळी जमायला सरासरी किती पाकिटं लागतात? बी.एस्सी.ला जॉमेट्रिक डिस्ट्रिब्यूशन होतं, त्याचा इथे काही संबंध आहे का?

उत्तर:

सरासरी २१.७४, म्हणजे बावीसएक पाकिटं. जॉमेट्रिकचा संबंध तर आहेच, त्याच्यावरच सगळा हिशेब उभा आहे. मी सोलापुरातच संख्याशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी घेतो. मुलं एकदम आठही कार्डांचा विचार करायला जातात आणि तिथेच अडकतात.

म्हणून टप्पे पाडायचे. एक नवं कार्ड हाती आल्यापासून पुढचं नवं कार्ड मिळेपर्यंत एक टप्पा. आठही प्रकार सारख्या प्रमाणात भरलेत आणि एका पाकिटाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं सध्या धरून चालू.

पहिल्या पाकिटात जे निघेल ते नवंच, तेव्हा पहिला टप्पा एका पाकिटात संपला. आता तुमच्याकडे १ प्रकार आहे आणि ७ यायचे आहेत, म्हणजे पुढचं पाकीट नवं कार्ड देण्याची शक्यता ७/८. ते जुनंच निघालं तर? तरीही यायचे प्रकार ७ च राहतात, म्हणून त्याच्या पुढच्या पाकिटालाही शक्यता ७/८ च. टप्पा चालू असेपर्यंत शक्यता हलत नाही. सारख्याच शक्यतेने पुन्हा पुन्हा प्रयत्न, पहिलं यश मिळेपर्यंत: हेच तुमचं जॉमेट्रिक डिस्ट्रिब्यूशन. टप्पा बदलला की मात्र शक्यता घटते, त्यामुळे एकूण पाकिटांची संख्या स्वतः जॉमेट्रिक नसते. ती वेगवेगळ्या शक्यतांच्या ८ जॉमेट्रिक प्रतीक्षांची बेरीज असते. परीक्षेत बरेच गुण इथेच जातात.

यशाची शक्यता p असेल तर सरासरी प्रतीक्षा 1/p. हे पाठ करण्यापेक्षा तुमच्याच आठव्या कार्डावर काढून बघा. सरासरी E पाकिटं लागतात असं धरा. एक पाकीट तर फोडावंच लागणार. त्यात हवं ते कार्ड न येण्याची शक्यता ७/८, आणि ते आलं नाही तर तुम्ही पुन्हा पहिल्याच जागी. म्हणजे

E = 1 + (7/8) × E

यातून E/8 = 1, म्हणून E = 8. एकट्या शेवटच्या कार्डासाठी सरासरी ८ पाकिटं!

आता सगळे टप्पे मांडा. पहिला १, दुसरा ८/७ म्हणजे १.१४, मग १.३३, १.६ आणि २, पुढे २.६७, ४ आणि शेवटी ८. बेरजेची सरासरी ही सरासरींची बेरीज असते, त्यामुळे सरळ बेरीज करायची: २१.७४. प्रकार n असतील तर सूत्र असं होतं:

n × (1 + 1/2 + 1/3 + ... + 1/n)

ही बेरीज कुठे फुगते ते बघा. पहिले ४ प्रकार पाचएक पाकिटांत हाती येतात, आणि घरात सगळ्यांना वाटतं, निम्मं काम झालं. प्रत्यक्षात सरासरी १६.६७ पाकिटं अजून बाकी असतात. शेवटची २ कार्डंच १२ पाकिटं खातात, एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त.

दुकानदाराचा दुप्पटीचा हिशेब म्हणूनच लागू पडत नाही. १६ पाकिटांत आठही प्रकार पूर्ण होण्याची शक्यता जेमतेम ३१ टक्के येते. २२ घेतली तर ६२ टक्के. आणि ३० घेऊनही साधारण सातातला एक मुलगा अपुराच राहतो. सरासरी २२ असली तरी खूप लांबणारे थोडे जण ती वर ओढतात. निम्म्या मुलांचा संच विसाव्या पाकिटापर्यंत झालेला असतो. तेव्हा २२ ला हमीचा आकडा समजू नका.

आता तुमच्या आठव्या कार्डाचं. अशा वेळी घरोघरी ऐकू येतं, ‘दहा पाकिटं वाया गेली, आता तरी येईलच.’ पाकिटाला मागचं काही ठाऊक नसतं. दहा वाया गेली तरी इथून पुढची सरासरी ८ च, एकही कमी होत नाही. ओळीने ८ पाकिटांत ते कार्ड न येण्याची शक्यता (7/8)^8, म्हणजे ३४ टक्के. तिघांतल्या एकाचं असं होणारच, तेवढ्यावरून कंपनीवर संशय घेता येत नाही.

संशय घ्यायची जागा वेगळी आहे. वर दोन गोष्टी धरून चाललो होतो, त्या मोडल्या तर आकडा बदलतो. एक म्हणजे स्वतंत्रता. दुकानात पाकिटांची माळ टांगलेली असते. भरताना कार्डं क्रमाने पडली असतील तर एकाच माळेतल्या लागून असलेल्या पाकिटांत वेगवेगळे प्रकार येतील आणि संच लवकर होईल. एकाच प्रकारचा गठ्ठा सलग पडला असेल तर उलट होईल. त्यामुळे पाकिटं वेगवेगळ्या माळांतून, जमलं तर वेगवेगळ्या दुकानांतून घ्या.

दुसरी, आणि जास्त महाग पडणारी गोष्ट म्हणजे एखादं कार्ड मुद्दाम कमी भरलेलं असणं. समजा एक कार्ड ५० पाकिटांत सरासरी एकदाच येतं आणि बाकीची सात सारखी आहेत. मग त्या एकट्या कार्डाचीच सरासरी प्रतीक्षा ५० पाकिटं, म्हणजे संपूर्ण संच त्याहून कमी सरासरीत होऊच शकत नाही. इथे वरचं सूत्र वापरायचं नाही, कारण पुढच्या टप्प्यातली शक्यता कोणती कार्डं आधी आली त्यावर ठरते, नुसती किती आली त्यावर नाही.

हे ओळखायचं कसं? एका मुलाच्या पाकिटांवरून कळणार नाही. गल्लीतल्या किंवा शाळेतल्या मुलांकडून मोजून घ्या: फोडलेल्या प्रत्येक पाकिटात काय निघालं, जुनी, दोनदा आलेली कार्डं धरून. ६० पाकिटांची नोंद झाली की प्रत्येक प्रकार सरासरी सात-आठ वेळा दिसायला हवा. एखादा प्रकार ४ वेळाच दिसला तर त्यात नवल नाही. पण ६० मध्ये एकदाही दिसला नाही, तर सारख्या भरणीत तसं कुठल्याही एका कार्डाबाबत घडण्याची शक्यता हजारात तीनच्याही आत आहे. मग ते कार्ड कमीच भरलंय असं खुशाल धरा आणि पाकिटं घेणं थांबवा.

आणि नोंदीत ते कार्ड इतरांकडे दिसलं, तर अदलाबदल करा. सातव्या-आठव्या कार्डाला सरासरी १२ पाकिटं, म्हणजे ६० रुपये लागतात. ज्या मुलाकडे ते दोनदा आलंय, त्याला तुमच्याकडचं दोनदा आलेलं एखादं कार्ड हवंच असेल.