डिसेंबर विसर, आधी चार कौशल्यांचे आकडे काढ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. जर्मनचा बी१ चा कोर्स पूर्ण झाला, मोबाईलवरच्या चाचणीने तुला बी२ ठरवलं, आणि तुला नर्स म्हणून जर्मनीला पाठवणाऱ्या एजन्सीच्या बाईंनी फोनवर जर्मनमध्ये रोजच्या ड्युटीबद्दल विचारलं तेव्हा दुसऱ्या वाक्याला अडलीस. वर विचारतेस की माझी खरी लेव्हल कोणती, आणि डिसेंबरमध्ये बी२ ची परीक्षा देऊ का.

खरी लेव्हल एक नसतेच. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या ए१ ते सी२ अशा पायऱ्यांची जी चौकट मांडली, तिच्या आत्मपरीक्षणाच्या तक्त्यात ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं असे वेगळे रकाने आहेत. प्रत्येकात माणूस वेगळ्या पायरीवर असू शकतो, बहुतेक असतोच. तुझी मोबाईलवरची चाचणी पर्याय निवडायची होती. समोर दिसलेलं ओळखता येतं का, एवढंच तिने मोजलं. आणि कोर्सचं प्रमाणपत्र तू कोर्स केलास एवढं सांगतं. म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तू कंटाळलीस तरी सांगत राहणार आहे: तारीख सगळ्यात मागे राहिलेलं कौशल्य ठरवतं.

तक्ता उघड आणि संवादाचा रकाना नीट वाच. ए२ मध्ये म्हटलंय की अगदी छोटी देवाणघेवाण जमते, पण संभाषण स्वतः चालू ठेवण्याइतकं सहसा कळत नाही. बी१ मध्ये म्हटलंय की ओळखीच्या विषयावर तयारी न करता संभाषणात उतरता येतं. तयारी न करता, हे लक्षात घे. तो फोन कुठल्या ओळीत बसतो हे तुझं तूच ठरव. खूण करताना माझा नियम असा आहे: गेल्या महिन्यात ती गोष्ट प्रत्यक्ष तीनदा केली असेल तरच हो. 'जमेल असं वाटतं' याला नाही.

मग जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या साइटवरचा बी१ चा सराव संच घे. तो फुकट आहे. वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४० मिनिटं, लेखन ६० मिनिटं. घड्याळ लावून, शब्दकोश न उघडता, ऑडिओ न थांबवता सोडव. ऑडिओ थांबवला की तो निकाल फेकून दे, पुढचा हिशेब त्यावर करू नकोस. लेखन दुसऱ्या कुणाकडून तपासून घे, स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. बोलण्यासाठी न पाहिलेला विषय घेऊन तीन मिनिटं रेकॉर्ड कर आणि मग मैत्रिणीला त्यावर दोन प्रश्न विचारायला सांग. पाठ केलेलं सादरीकरण छान बी१ वाटतं, ते पहिल्या उपप्रश्नाला कोसळतं.

तू ऐकण्याचे आणि वाचनाचे गुण पाठवलेच आहेस, तेवढं तरी केलंस हे बरं. वाचनात ३० पैकी २४, म्हणजे १०० पैकी ८०. ऐकण्यात ३० पैकी १६, म्हणजे ५३. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे एकेका कौशल्याच्या पेपरला, ६० लागतात, म्हणजे ऐकण्यात किमान १८ उत्तरं बरोबर हवीत. तू लिहितेस की दोनच गुण कमी पडले. तसं नाही. ऐकण्याच्या चार भागांपैकी पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. दोनदा ऐकवलेल्या १८ प्रश्नांत तुझे ११ बरोबर आले, एकदाच ऐकवलेल्या १२ मध्ये फक्त ५. त्या १२ ला डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी साधारण तेवढेच आले असते. म्हणजे पहिल्या फेरीत तुला जवळजवळ काही लागत नाही, आणि वॉर्डात पेशंट दुसरी फेरी देत नाही.

कारणही सांगते. क्लासमध्ये एकाच शिक्षकाचा सावकाश, स्पष्ट आवाज ऐकलास. शिवाय जर्मनमध्ये अनेकदा क्रियापदाचा तुकडा वाक्याच्या शेवटी जातो. 'इष झागं देन टेर्मीन आम मोन्टाग' इथवर ऐकून काहीच ठरत नाही. शेवटी 'आब' आलं तर सोमवारची वेळ रद्द, 'त्सू' आलं तर पक्की. तू पहिल्याच शब्दाचं मराठी करत बसतेस आणि शेवटचा तुकडा निसटतो. यावर एकच व्यायाम कर. एक-दोन मिनिटांचं ऑडिओ एकदाच ऐकायचं, लगेच जर्मनमध्ये तीन वाक्यांत सांगायचं, मग लिखित मजकूर बघून काय हुकलं त्यावर रेघ मारायची, मग पुन्हा ऐकायचं. बोलणंही यातच सुधारतं. शब्दांच्या याद्या पाठ करणं तूर्त थांबव, तुझं वाचन पुरेसं पुढे आहे.

आता तारीख. ग्योथे इन्स्टिट्यूट बी१ साठी ३५० ते ६५० आणि बी२ साठी ६०० ते ८०० तासिका सांगतं, प्रत्येक ४५ मिनिटांची. मधलं अंतर साधारण १५० ते २५०. आपण २०० धरू, म्हणजे घड्याळाचे १५० तास. घरच्या अभ्यासाचे निदान ७५ वेगळे. शिवाय ऐकणं आणि बोलणं बी१ वर आणायला मी ६० तास धरते. एकूण २८५.

तुझ्याकडे किती तास आहेत? रोज दोन तास असं लिहू नकोस, तुझी ड्युटी मला ठाऊक आहे. महिन्यातला एक आठवडा नाइट, त्यात फार तर अडीच तास होतील. उरलेल्या तीन आठवड्यांत पाच दिवस दीड तास धरला तर आठवड्याला साडेसात. महिन्याचे झाले २५. २८५ ला २५ ने भाग, साडेअकरा महिने लागतात. आज जून आहे. पहिले ६० तास सप्टेंबरच्या मध्याला संपतील, तेव्हा बी१ ची परीक्षा दे. पुढचे २२५ तास नऊ महिने घेतील, म्हणजे पुढच्या वर्षीचा जून. आजारपण, लग्नकार्य, बदललेल्या ड्युट्या यांसाठी दोन महिने राखून ठेव. बी२ ची तारीख पुढच्या वर्षीचा ऑगस्ट.

तू म्हणशील, बाकीच्या मुली सहा महिन्यांत करतात. करतात, ज्या नोकरी सोडून रोज चार-पाच तास बसतात त्या. तुला पगार घरी पाठवायचा आहे, मग त्यांच्या तारखेशी तुझा काय संबंध? मला हट्टी म्हणतात ते मी ऐकून घेते. पण एजन्सीला खूश करायला टाकलेल्या तारखेपायी परीक्षेची फी आणि मुलींचा धीर दोन्ही गेलेले मला बघवत नाहीत. नर्स म्हणून नोंदणीसाठी बी२ मागतात ते कागदासाठी नव्हे. डॉक्टरने एकदाच सांगितलेला डोस तुला एकदाच ऐकून कळायला हवा. म्हणून पुन्हा सांगते, तारीख सगळ्यात मागे राहिलेलं कौशल्य ठरवतं, पुढे गेलेलं नाही.

या तारखाही दगडावरची रेघ नाहीत. यंदाच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बी१ चा वेगळा, न पाहिलेला संच सोडव. ऐकण्यात २० किंवा वर आलीस आणि त्यातले एकदाच ऐकवलेले ७-८ बरोबर असले, तर सप्टेंबरच्या बी१ ची फी भर. १८-१९ वर अडकलीस तर एक महिना पुढे जा, कारण परीक्षेच्या खोलीत दोन-तीन उत्तरं हमखास गळतात. १७ किंवा खाली असलीस तर तास खरंच झाले का ते वहीत बघ. झाले असतील तर व्यायाम चुकतोय, मला रेकॉर्डिंग पाठव. बी१ आणि बी२ दोन्हींत मॉड्यूल वेगवेगळी देता येतात. वाचन आणि लेखन आधी काढून ऐकणं-बोलणं नंतर देण्याची वाट तुला मोकळी आहे, पण एजन्सीला आणि मान्यता देणाऱ्या कार्यालयाला तसं चालतं का ते आधी लेखी विचार.

लेखनाचे आणि बोलण्याचे गुण तू पाठवलेच नाहीस. ते नाहीत तोवर वरचे ६० तास हा माझा अंदाज आहे. नाइट संपली की एक दिवस झोप काढ, मग ते दोन्ही करून पाठव. बोलण्याचं रेकॉर्डिंग कापू नकोस, थांबलेल्या जागांसकट हवं.

तुझी,
ताई