ट्रेडमिलच्या ९.५ वरून पेस आणि हाफ मॅरेथॉनची वेळ

प्रश्न: ट्रेडमिलवर ९.५ च्या स्पीडने मी १० किमी न थांबता धावतो. याचा पेस किती, आणि हाफ मॅरेथॉन किती वेळात होईल? माझ्या हिशेबाने ६:३२ आणि २ तास २२ मिनिटं येतंय, पण मित्र म्हणतो चुकलंय.

तुमचा मित्र बरोबर आहे. ९.५ म्हणजे ताशी ९.५ किलोमीटर, म्हणजेच किलोमीटरला ६ मिनिटं १९ सेकंद. हाच पेस शेवटपर्यंत टिकला तर हाफ मॅरेथॉन २ तास १३ मिनिटं १५ सेकंदांत होते. तो टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे नंतर येते.

तुम्ही ६० ला ९.५ ने भागलंत, ६.३२ आलं आणि ते ६ मिनिटं ३२ सेकंद असं वाचलंत. पण हे .३२ म्हणजे सेकंद नव्हेत, ते एका मिनिटाच्या शंभर भागांपैकी ३२ भाग आहेत. ६० सेकंदांतले ३२ टक्के म्हणजे १९ सेकंद. हाफच्या वेळेतही तेच झालं: २१.०९७५ भागिले ९.५ म्हणजे २.२२ तास, आणि .२२ तास म्हणजे साधारण १३ मिनिटं. धावायला लागले तेव्हा मीही कित्येक आठवडे वहीत असेच पेस लिहीत होते. एक दिवस ९ च्या स्पीडला ६.६७ आलं आणि तिथे अडले, कारण ६ मिनिटं ६७ सेकंद असं काही नसतंच. खरा पेस ६:४० होता. ९.५ ला मात्र ही चूक पकडली जात नाही, कारण ३२ हा आकडा सेकंद म्हणून अगदी खरा वाटतो. म्हणूनच मी आता ६० ऐवजी ३६०० ला भागते. उत्तर थेट सेकंदांत येतं, मग त्याची मिनिटं करायची. ३६०० भागिले ९.५ म्हणजे ३७९ सेकंद, त्यातले ३६० म्हणजे ६ मिनिटं, उरले १९.

स्प्रेडशीट वापरत असाल तर A2 मध्ये स्पीड टाका. पहिल्या सूत्राच्या खान्याला [m]:ss हा फॉरमॅट द्या, दुसऱ्याच्या खान्याला [h]:mm:ss.

```
=1/A2/24
=21.0975/A2/24
```

२४ ने भागायचं कारण असं की स्प्रेडशीट वेळ दिवसांत मोजते, तासांत नाही.

स्पीडचं बटण एकेक टिचकीने वाढवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक टिचकीने पेस सारखाच कमी होत नाही. ८ वरून ८.५ केलंत तर किलोमीटरमागे २६ सेकंद वाचतात, ९.५ वरून १० केलंत तर १९, आणि १२ वरून १२.५ केलंत तर फक्त १२. तुमच्या स्पीडच्या आसपास ०.१ म्हणजे साधारण ४ सेकंद, एवढं पाठ असलं तरी पट्ट्यावर धावताना मनातल्या मनात पेस जुळवता येतो.

आता अंदाजाकडे. १० किमीचा पेस तसाच २१ किमीला लावला तर जी वेळ येते, ती बहुतेकांना गाठता येत नाही, कारण अंतर वाढलं की टिकवता येणारा वेग उतरतो. यासाठी धावणारे बहुतेक वेळा पीटर रीगल यांचं सूत्र वापरतात. त्यांनी ते १९७७ मध्ये मांडलं:

T2 = T1 × (D2/D1)^1.06

T1 आणि D1 म्हणजे धावून झालेली वेळ आणि अंतर, D2 म्हणजे नवं अंतर आणि T2 म्हणजे त्याची अंदाजे वेळ. घातांक १ असता तर तो साधा गुणाकार झाला असता. वरचा ०.०६ हा थकव्याचा वाटा. १० किमीवरून हाफला जाताना हा गुणक २.२०६ येतो, म्हणजे १० किमीच्या वेळेला थेट त्यानेच गुणा. तुमचे १० किमी ९.५ ने ६३ मिनिटं ९ सेकंदांत होतात, त्यावरून हाफ साधारण २ तास १९ मिनिटं. सरासरी पेस ६:३६, स्पीडच्या भाषेत जेमतेम ९.१. सुरुवातीला पट्टा हळू असतो, त्यामुळे ६३:०९ हा हिशेबाचा आकडा न घेता पडद्यावर १० किमी पूर्ण होताना जी वेळ दिसते, तीच घ्या.

तुमचे २ तास २२ मिनिटं या अंदाजाच्या जवळ आले, पण तो निव्वळ योगायोग आहे. हीच चूक १० च्या स्पीडला केली असती तर २.११ तासांचे २ तास ११ मिनिटं वाचले असते, आणि खरी वेळ २ तास ६ मिनिटं ३५ सेकंद आहे.

या सूत्राची एक अट आहे: १० किमी पूर्ण जोर लावून धावलेले हवेत. तुम्ही फक्त ‘न थांबता’ एवढंच लिहिलंय. ते धावताना एखादं पूर्ण वाक्य आरामात बोलता येत असेल, तर ती तुमची खरी १० किमीची वेळ नाही आणि २:१९ पेक्षा चांगलं जमू शकतं. उलट, आजवर १२ किमीच्या पुढे कधी गेला नसाल तर २:१९ सुद्धा घाईचं ठरेल. पूर्ण मॅरेथॉनसाठी मात्र यावर विसंबू नका. रीगल यांनी हे सूत्र सुमारे २३० मिनिटांपर्यंतच्या शर्यतींसाठी दिलं होतं, आणि तुमची मॅरेथॉन त्याच्या बरीच पुढे जाईल.

हे सगळं ९.५ खरोखर ९.५ असेल तरच खरं, आणि याबाबतीत यंत्राच्या पडद्याचा काही उपयोग नाही. अंतर आणि स्पीड दोन्ही एकाच मोजणीतून येतात, त्यामुळे यंत्र चुकत असलं तरी त्याचे आकडे एकमेकांशी चोख जुळतात. तपासायचं असेल तर यंत्र बंद असताना पट्ट्याच्या कडेला खडूने खूण करा आणि पट्टा हाताने सरकवत त्याची पूर्ण लांबी टेपने मोजा. मग तुम्ही धावत असताना दुसऱ्या कुणाला तरी ५० फेऱ्यांची वेळ घ्यायला सांगा. रिकाम्या पट्ट्याची वेळ चालत नाही, कारण अंगाचं वजन पडलं की काही पट्टे मंदावतात.

समजा पट्टा ३.२ मीटरचा आहे. ५० फेऱ्या म्हणजे १६० मीटर, आणि ९.५ ला त्यांना ६०.६ सेकंद लागायला हवेत. घड्याळात ६३ सेकंद भरले तर खरा पेस ६३ भागिले १६० गुणिले १००० म्हणजे ३९४ सेकंद, अर्थात ६:३४. मग १० किमीची खरी वेळ ६५:३८ होते आणि हाफचा अंदाज थेट २ तास २५ मिनिटांच्या आसपास जातो. घड्याळातल्या अडीच सेकंदांच्या फरकाने शर्यतीची साडेपाच मिनिटं बदलतात, म्हणून ५० पेक्षा कमी फेऱ्या मोजू नका.

बाहेर धावताना लागणारा हवेचा विरोध भरून काढायला ट्रेडमिल १ टक्का चढावर ठेवा, असा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. तो १९९६ च्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासातून आला आहे, आणि त्यात तपासलेले वेग साधारण १०.५ पासून वरचे होते. ९.५ ला समोरच्या हवेचा विरोध इतका कमी असतो की तुमच्या हिशेबात चढ धरायची गरज नाही.