धंदा विकला, पण करारातून सुटका झाली का?

*वकीलसाहेब, नाशिकला माझी एसी देखभालीची प्रोप्रायटरी फर्म आहे. एका खासगी हॉस्पिटलशी तीन वर्षांचा करार आहे, त्यातले १९ महिने बाकी आहेत. १ एप्रिलपासून धंदा पुण्याच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला विकतोय. विक्री करारात 'सर्व चालू करार व जबाबदाऱ्या खरेदीदाराकडे' असं कलम आहे. हॉस्पिटलच्या ॲडमिन मॅनेजरने 'आमची हरकत नाही' अशी ईमेलही पाठवली आहे. हॉस्पिटलकडे माझी २ लाखांची बँक गॅरंटी आहे. मी मोकळा झालो ना?*

नाही, अजून नाही.

विक्री करार तुमच्या आणि खरेदीदाराच्या मधला आहे. हॉस्पिटलची त्यावर सही नाही, त्यामुळे तो हॉस्पिटलला बांधत नाही. करारातले हक्क, म्हणजे बिलाचे पैसे घेण्याचा हक्क, बहुधा दुसऱ्याला देता येतो. जबाबदारी मात्र समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने खर्डा कंपनी विरुद्ध रेमन या १९६२ च्या निकालात हेच म्हटलं आणि पुढे असंही, की समोरच्याने संमती दिली की तो खरं तर नवा करारच होतो. भारतीय करार कायद्याच्या कलम ६२ मध्ये याची सोय आहे: जुन्या कराराच्या जागी नवा आला की जुना पाळण्याची गरज उरत नाही. वकिली बोलीत याला नोव्हेशन म्हणतात.

आता ती ईमेल. 'हरकत नाही' याचा अर्थ एवढाच, की नव्या माणसांनी येऊन काम करायला हॉस्पिटलची ना नाही. तुम्हाला सोडलं, असं त्यात कुठेच नाही. शिवाय मॅनेजरला करार बदलण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न वेगळाच. मूळ करारावर ज्याची सही आहे, त्याची किंवा लेखी अधिकारपत्र असलेल्याची सही घ्या.

तुम्हाला हवा आहे तो तिघांच्या सह्यांचा करार. त्याची दोन कलमं तुम्ही स्वतः वाचा, बाकीचं तुमच्या वकिलांवर सोडा. पहिलं सुटकेचं: 'हॉस्पिटल हे १ एप्रिलपासून जुन्या कंत्राटदाराला मूळ करारातील सर्व जबाबदाऱ्या व दाव्यांतून मुक्त करीत आहे आणि त्यांच्या जागी नव्या कंत्राटदारास स्वीकारीत आहे.' समोरून मसुदा आला की त्यात 'संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार' किंवा 'जुन्या कंत्राटदाराविरुद्धचे हक्क अबाधित ठेवून' असे शब्द शोधा. ते असतील तर शीर्षक काहीही असो, तुम्ही सुटलेला नाहीत. खरेदीदाराची भर पडून हॉस्पिटलला मात्र एकाऐवजी दोघे जबाबदार मिळाले.

दुसरं कलम आधीच्या गोष्टींचं, आणि भांडण हमखास इथेच होतं. समजा २८ मार्चला ऑपरेशन थिएटरचा कॉम्प्रेसर बंद पडला, तक्रार नोंदली गेली आणि दुरुस्ती ६ एप्रिलला झाली. दंड रोज ५,००० रुपये असेल, तर तो कोणाचा? करार गप्प असेल तर हॉस्पिटल तुमच्याकडे बोट दाखवणार आणि खरेदीदारही. आधीच्या दाव्यांतूनही सुटका मिळाली तर उत्तमच, पण हॉस्पिटल सहसा तेवढं देत नाही. मग ३१ मार्चअखेर उघड्या असलेल्या तक्रारींची आणि थकलेल्या बिलांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि प्रत्येक तक्रारीपुढे जबाबदार कोण, ते लिहा. तुमचा जीएसटी क्रमांक मार्चअखेरच्या कामाच्या बिलांवर, पुढच्या कामावर खरेदीदाराचा.

बँक गॅरंटी हा यातला खरा फास. ती तुमच्या बँकेने हॉस्पिटलला दिलेली स्वतंत्र हमी आहे. तुमची सुटका झाली म्हणून ती आपोआप रद्द होत नाही. नव्या कंत्राटदाराच्या चुकीसाठी हॉस्पिटलने ती वठवायला पाठवली, तर बँक सहसा पैसे देऊन मोकळी होईल आणि ते तुमच्याकडून वसूल करेल. पुढे तुम्ही कोर्टात जिंकालही, पण २ लाख आधी जातील. म्हणून खरेदीदाराने नवी गॅरंटी दिली की त्याच दिवशी तुमची मूळ प्रत परत मिळेल, असं लिहून घ्या. सुटका 'नवी गॅरंटी मिळाल्यावर' अशी अटीवर ठेवली असेल, तर ती येईपर्यंत तुम्ही अडकलेलेच.

हॉस्पिटलने सही नाकारली तर? त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. खरेदीदार काम करत राहिला आणि हॉस्पिटलने ते स्वीकारलं, तर कलम ४१ प्रमाणे झालेल्या कामापुरतं ते तुमच्यामागे येऊ शकत नाहीत. उरलेल्या महिन्यांची जबाबदारी मात्र तुमचीच. अशा वेळी खरेदीदाराकडून नुकसानभरपाईची हमी घ्या, पण ती त्याच्या खिशाइतकीच भक्कम. म्हणून विक्रीच्या रकमेखेरीज त्याच्याकडून १९ महिन्यांसाठी २ लाखांची बँक गॅरंटी तुमच्या नावे मागा. मूळ करारात 'दुसऱ्याकडून काम करून घेता येणार नाही' असं कलम आहे का, तेही आधी बघा. असेल, तर संमतीशिवाय खरेदीदाराची माणसं आत पाठवणं हाच करारभंग ठरू शकतो.

हे सगळं १ एप्रिलच्या आधी. धंद्याचे पैसे हातात पडल्यावर तिसऱ्या सहीची घाई तुमच्याखेरीज कोणालाच राहत नाही.