उंचीच्या तक्त्यावरून भाच्याचं वय ठरेल का?

प्रश्न : वकीलसाहेब, माझ्या भाच्याला हडपसरमधल्या मारामारीत अटक झाली. पाच फूट सात इंच उंची, मिसरूड फुटलेलं, म्हणून पोलिसांनी वय १९ लिहिलं आणि तो आता येरवडा जेलमध्ये आहे. खरं वय १६. जन्म ऊसतोडीच्या कोपीवर झाला, जन्मदाखला नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीपर्यंत शिकला. ओळखीचे डॉक्टर वाढीच्या तक्त्यावर उंची-वजन बसवून "हा सोळाचाच" असं लिहून द्यायला तयार आहेत. ते कोर्टात चालेल का?

उत्तर : नाही, आणि तो कागद तुम्ही दाखल करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी वकील तोच तक्ता हातात घेऊन भाचा १८ चा असू शकतो हे पाच मिनिटांत दाखवतील, आणि ते चूकही नसेल.

हा तक्ता वय आधीच माहीत आहे असं धरून चालतो. वय सांगा, मग तो त्या वयाच्या शंभर मुलांमध्ये तुमचं मूल कितव्या जागी बसतं ते सांगतो. याला पर्सेंटाइल म्हणतात. उलट्या दिशेने, म्हणजे उंचीवरून वय, असं तो सांगू शकत नाही, कारण एकच उंची अनेक वयांत बसते. तुमच्या भाच्याचे १७० सेंटिमीटर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ठेवून बघा. तो १४ चा असेल तर शंभरात साधारण ८० व्या जागी येईल, १६ चा असेल तर पस्तिशीच्या आसपास, आणि १८ चा असेल तर विशीच्या जवळ. तिन्ही जागा अगदी सर्वसामान्य आहेत. ज्याची वयात येण्याची वाढ लवकर सुरू झाली तो चौदाव्या वर्षीच बापाएवढा दिसतो, ज्याची उशिरा झाली तो सतराव्या वर्षीही पोरगेला दिसतो. मिसरूडही त्याच हिशेबाने येतं.

कायद्याला जी रेषा हवी आहे, ती १८ ची, नेमकी तिथेच हा तक्ता सर्वांत आंधळा होतो. त्या वयात मुलांची उंची वाढणं जवळजवळ थांबलेलं असतं. १७ आणि १८ या वयांच्या मधल्या उंचीत याच तक्त्यावर जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक आहे. सकाळी मोजलेली उंचीही संध्याकाळपर्यंत साधारण तेवढीच कमी भरते. वजनाचं तर बोलायलाच नको : या संघटनेने वयानुसार वजनाचा तक्ता दहाव्या वर्षानंतर दिलेलाच नाही, कारण पुढे उंच मूल आणि जाड मूल त्यात वेगळं ओळखता येत नाही.

म्हणूनच बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ ने क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. तीही अचूक नसते. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जयमाला प्रकरणात नोंदवलं आहे.

तेव्हा सगळी ताकद शाळेच्या कागदावर लावा. पहिलीत नाव घातलं तेव्हाची जनरल रजिस्टरमधली नोंद ही भांडणाच्या कितीतरी आधीची आहे, तिच्यावर बनावटीचा आरोप सहज चिकटत नाही. पण नुसता शाळा सोडल्याचा दाखला किंवा रजिस्टरचा उतारा आणू नका. पी. युवप्रकाश प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने असे कागद कलम ९४ साठी पुरेसे मानले नाहीत. मुख्याध्यापकांच्या सहीचा जन्मतारखेचा दाखला घ्या, आणि मूळ रजिस्टर घेऊन त्यांना साक्षीला बोलावण्याचा अर्ज करा. ती तारीख त्या वेळी कुणी, कशावरून सांगितली, हे बहिणीला विचारून ठेवा. भावंडांच्या तारखाही तपासा. दोन भावांत पाच महिन्यांचं अंतर निघालं तर उलटतपासणीत सगळंच कोसळतं. आणि आता घाईने उशिराची जन्मनोंद करून घेऊ नका. गुन्ह्यानंतरचा कागद संशयानेच वाचला जातो.

अर्ज कलम ९(२) खाली करायचा, तो कोणत्याही टप्प्यावर करता येतो. विचार घटनेच्या दिवशीच्या वयाचा होतो, आजच्या नाही. त्याच अर्जात कलम ९(४) खाली चौकशी होईपर्यंत त्याला जेलमधून सुरक्षित जागी हलवण्याची मागणी घाला. तो अल्पवयीन ठरला की प्रकरण येरवड्यातल्याच बाल न्याय मंडळाकडे जाईल. उद्याच गावी माणूस पाठवा आणि रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो आधी मागवा. अर्जाचा मसुदा त्यावरूनच करता येईल.