राजम्याच्या रोपाचा टाइमलॅप्स: किती मिनिटांनी फोटो, मोबाइल कसा बसवायचा

प्रश्न: कुंडीतला राजमा उगवताना मोबाइलवर टाइमलॅप्स काढला. रोप थरथरतं आणि उजेड लुकलुकतो. किती वेळाने फोटो घ्यायचा, आणि मोबाइल हलू नये म्हणून काय करायचं?

उत्तर: आधी हलतंय काय ते ओळखा. व्हिडिओत कुंडीच्या काठाकडे बघा. काठही हलत असेल तर दोष मोबाइलच्या बैठकीचा. काठ स्थिर आणि फक्त शेंडा हलत असेल तर रोप खरंच डोलतंय. राजम्याचा शेंडा वाढताना गोल गोल फिरतो, एका फेरीला साधारण दोन तास धरा. अर्ध्या तासाने फोटो घेतलात तर एका फेरीत चारच फोटो येतात आणि शेंडा उड्या मारतो. दहा मिनिटांनी घेतलेत तर बारा येतात आणि डोलणं डोलण्यासारखं दिसतं. दहाच्या वर जाऊ नका.

बी पेरल्यापासून सुरुवात करू नका, पहिले काही दिवस नुसती माती दिसते. मातीला भेग पडली की चालू करा. तिथून वाकलेली मान सरळ होऊन पहिली पानं उघडेपर्यंत तीन दिवस धरू. तीन दिवस म्हणजे ४३२० मिनिटं, दहा मिनिटांनी एक म्हणजे ४३२ फोटो, सेकंदाला २४ लावले की १८ सेकंदांचा व्हिडिओ. पुरेसा आहे. चौकटीत वर भरपूर जागा सोडा, मान सरळ झाली की रोप एकदम उंच होतं.

बैठकीसाठी लवचीक मानेचा स्टँड नको, मोबाइलच्या वजनाने तो तासागणिक खाली झुकतो. साधा छोटा ट्रायपॉड आणि कुंडी एकाच जाड फळीवर चिकटपट्टीने पक्की करा. मग टेबलाला धक्का लागला तरी दोन्ही एकत्र हलतात आणि चौकट तशीच राहते. चार्जरची वायरही फळीला चिकटवा, नाहीतर तिचा ताण मोबाइल ओढतो. पाणी सुईशिवायच्या सिरिंजने, कुंडीला हात न लावता. पंखा बंद.

लुकलुकण्याचं कारण बहुधा ऑटो एक्स्पोजर, म्हणजे मोबाइल दर फोटोला उजेड आपोआप जुळवतो ते, आणि खिडकीचा उजेड. पडदा ओढा, एकच एलईडी दिवा रात्रंदिवस चालू ठेवा. शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस, चारही हाताने ठरवून लॉक करा. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि भलत्या शटरला पट्टे उमटतात.

अँड्रॉइडवर Open Camera ॲपमधला रिपीट मोड ठरावीक वेळाने आपोआप फोटो घ्यायचं काम करतो. मोबाइल विमान मोडवर टाका आणि त्या ॲपसाठी बॅटरी बचत बंद करा, नाहीतर मध्यरात्री ॲप झोपतं आणि सकाळी रोप एकदम बोटभर वाढलेलं दिसतं. पहिल्या रात्री झोपण्याआधी फोटोंच्या वेळा एकदा तपासून घ्या.